उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर : एका विसंगतीचा अर्थ



ज्या वैद्यकव्यवसायी गृहस्थांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा शिरस्ता असा होता की, रोग्याने आणलेल्या कागदावरील आकडा वाचण्यापूर्वी तो आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आला आहे हे ते प्रथम विचारीत. आजच्या विषयाची निवड मी त्या शिरस्त्याला स्मरूनच केली आहे. रक्तातील साखरेच्या तपासणीचे जे कागद आज घरोघरी येतात, त्यांपैकी पुष्कळांवर उपाशीपोटीचा आकडा निर्दोष असतो आणि जेवणानंतर दोन तासांचा आकडा मर्यादेच्या बाहेर गेलेला असतो. अशा वेळी पहिला आकडा बरा आहे म्हणून दुसऱ्याकडे काणाडोळा करणे, अथवा दुसरा वाईट आहे म्हणून पहिलाच चुकला असावा अशी शंका घेणे, या दोन्ही गोष्टी सर्रास घडतात. वस्तुतः दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत यातच शरीराच्या स्थितीविषयीची मौल्यवान माहिती दडलेली असते. ती कशी वाचावी, एवढाच माझ्या विवेचनाचा हेतू आहे.

प्रथम मर्यादा सांगतो. पुढील सर्व आकडे एक डेसिलीटर रक्तद्रवातील ग्लुकोजचे मिलिग्रॅम असे समजावे. किमान आठ तास काही न खाता सकाळी शिरेतून घेतलेल्या रक्तात 100 पेक्षा कमी साखर असणे निरोगी समजले जाते आणि 126 किंवा अधिक असणे मधुमेहाचे लक्षण मानले जाते. त्यानंतर 75 ग्रॅम ग्लुकोज सुमारे 250 ते 300 मिलिलीटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यायला देतात आणि दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात. हा दुसरा आकडा 140 च्या खाली असला तर निरोगी, 200 किंवा अधिक असला तर मधुमेह, आणि 140 ते 199 यांच्या दरम्यान असला तर ग्लुकोज पेलण्याची शक्ती घटलेली आहे असा निर्णय होतो. पहिला आकडा 100 च्या आत आणि दुसरा 140 ते 199 मध्ये, हा आपला आजचा मामला होय. क्वचित दुसरा आकडा 200 च्याही पलीकडे गेलेला आढळतो आणि तरीही पहिला निर्मळच असतो.

हे घडते कसे, हे समजण्यासाठी रक्तात मुळात साखर किती असते याचा हिशेब मांडू. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लीटर रक्त असते, आणि साखर 100 आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्या साऱ्या रक्तात मिळून अवघी पाच ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे चहाच्या चमच्यात मावेल एवढी. आता आपल्या नेहमीच्या जेवणाकडे पाहा. तीन पोळ्या, मध्यम वाढीचा भात आणि आमटी, एवढ्यातून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पिष्ट पोटात जाते, आणि त्याचे बहुतांश रूपांतर ग्लुकोजमध्ये होऊन ते पुढच्या काही तासांत रक्तात उतरते. रक्तातील शिल्लकेच्या वीसपंचवीस पट माल एका बैठकीत येतो आणि तरीही निरोगी माणसाची साखर 140 च्या पुढे फारशी जात नाही, व गेलीच तर थोड्या वेळात मागे येते, याचा अर्थ येणारा माल जवळजवळ येण्याच्याच वेगाने उचलला जात असला पाहिजे. हा उचलण्याचा वेग म्हणजेच ग्लुकोज पेलण्याची शक्ती.

ही उचल तीन ठिकाणच्या कामांवर अवलंबून असते. घास पोटात जाताच आतड्यांतून निघणारी संप्रेरके स्वादुपिंडाला सूचना देतात आणि साखर फारशी चढण्यापूर्वीच स्वादुपिंड इन्सुलिनचा पहिला लोट सोडते. हा पहिला लोट लहान असला तरी त्याचे कार्य मोठे आहे, कारण तो थेट यकृतात पोचतो आणि यकृताकडून रात्रभर चालू असलेले साखरेचे वितरण थांबवितो. त्यानंतर इन्सुलिनचा दुसरा, दीर्घ लोट सुरू होतो आणि त्याच्या प्रभावाने मुख्यत्वे हातापायांचे व धडाचे स्नायू रक्तातील साखर आत ओढून तिचा साठा करतात. पहिला लोट उशिरा आला, तर बाहेरून जेवणाची साखर येत असताना आतून यकृतही आपली साखर ओतत राहते. स्नायू इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नसले, तर आलेली साखर रक्तातच रेंगाळते. दुसरा लोट अपुरा पडला, तर हे रेंगाळणे तासांनी लांबते.

आता रात्रीचा विचार करा. रात्री बाहेरून काही येत नाही. मेंदू व इतर अवयव जेवढी साखर वापरतात, तेवढीच यकृत आपल्या साठ्यातून सोडते, आणि या देवघेवीवर इन्सुलिनची अल्प पण अखंड मात्रा लगाम ठेवते. सकाळचा आकडा म्हणजे या रात्रीच्या व्यवहाराची शिल्लक. यकृत इन्सुलिनचा अंमल मानत असेल, तर स्नायू कितीही नाठाळ झालेले असोत, सकाळची शिल्लक निर्दोष येते. जेवणानंतरची साखर दोन तासांऐवजी चार तासांनी उतरली काय आणि पाच तासांनी उतरली काय, पहाटेपर्यंतच्या मुदतीत ती उतरलेली असतेच आणि सकाळच्या रक्तात तिचा मागमूस राहत नाही.

तेव्हा आपल्या विसंगतीचा अन्वय असा लागतो की, ज्याची उपाशीपोटीची साखर चढलेली पण जेवणानंतरची ठीक आहे, त्याच्या बाबतीत दोष प्रामुख्याने यकृताकडे आणि इन्सुलिनच्या पहिल्या लोटाकडे असतो; आणि ज्याची उपाशीपोटीची ठीक पण जेवणानंतरची चढलेली आहे, त्याच्या बाबतीत दोष प्रामुख्याने स्नायूंकडे असून, स्वादुपिंडाचा पहिला लोट तर मंदावलेला असतोच, पण दुसरा दीर्घ लोटही तोकडा पडू लागलेला असतो. एकाच रोगाच्या या कमीअधिक पायऱ्या नव्हेत. त्या रोगाकडे जाणाऱ्या दोन भिन्न वाटा आहेत, आणि पुष्कळ माणसे पुढे दोन्ही वाटांवर एकदम सापडतात. महाराष्ट्रातील एखाद्या धरणाची भिंत वैशाखात कोरडी दिसते म्हणून ती श्रावणातला लोंढा पेलील असे कोणी अभियंता म्हणत नाही. तीच सावधगिरी उपाशीपोटीच्या आकड्याविषयी बाळगावी, एवढीच यातून निघणारी शिकवण आहे.

हा प्रकार आपल्याकडे विशेष लक्षात घेण्याजोगा का, याला एक कारण आहे, आणि त्याचा उलगडा होण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या लोकांतील कृश दिसणाऱ्या पण आतून मेदयुक्त अशा देहयष्टीकडे जगाचे लक्ष वेधले. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापून आले. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक दोघांचाही 22.3, म्हणजे अगदी एकसारखा. तथापि युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. एकाच वजनात चरबी अधिक याचा दुसरा अर्थ स्नायू कमी, असा होतो. आणि जेवणानंतरची साखर उचलण्याचे ओझे मुख्यत्वे स्नायूंवर असल्यामुळे, सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाची शक्ती नेमकी जेवणानंतर अपुरी पडावी, यात आश्चर्य नाही.

आता एक दाखला तपशिलाने पाहू. तो अनेक रोग्यांच्या अनुभवांवरून समजुतीसाठी जुळवून घेतला आहे. 44 वर्षांच्या एक माध्यमिक शाळेतील शिक्षिका. उंची 156 सेंटिमीटर, वजन 55 किलो, निर्देशांक 22.6; कोणीही त्यांना स्थूल म्हणणार नाही. कमरेचा घेर मात्र 84 सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडील स्त्रियांसाठी ठरविलेल्या 80 च्या मर्यादेबाहेर. आईला मधुमेह. धाकट्या मुलाच्या वेळी गर्भारपणात साखर वाढली होती, ती बाळंतपणानंतर उतरली, आणि घरात तो विषय संपला. शाळेतील आरोग्य शिबिरात दरवर्षी उपाशीपोटीची साखर तपासली जाई, ती 92, 94 अशी येई. एका वर्षी प्रयोगशाळेत जेवणानंतरचीही तपासणी झाली, ती 118 आली. परंतु चौकशी करता असे निघाले की, त्या दिवशी शाळेची घाई असल्यामुळे बाईंनी चहाबरोबर दोन बिस्किटे खाऊन वेळ साजरी केली होती आणि त्यालाच जेवण धरले होते. तो 118 चा आकडा खोटा नव्हता, पण त्याला ज्या प्रश्नाचे उत्तर मानले गेले तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

पुढे एका रविवारी, पोळ्या, भात आणि श्रीखंड असे जेवण झाल्यावर, यजमानांच्या मधुमेहासाठी घरात असलेल्या यंत्रावर त्यांनी सहज बोट टोचून पाहिले, तो आकडा 196. घाबरून त्या माझ्यासारख्याकडे आल्या, तर दोन गोष्टी सांगणे प्राप्त होते. पहिली अशी की, बोटाच्या टोकाचे रक्त हे स्नायूंत साखर देण्यापूर्वीचे रक्त असते आणि शिरेतले रक्त ती देऊन परतलेले असते. उपाशीपोटी या दोहोंत फरक नगण्य असतो, परंतु जेवणानंतर बोटाचा आकडा शिरेच्या आकड्यापेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक असू शकतो, शिवाय घरगुती यंत्राला पंधरा टक्क्यांपर्यंतची तफावत प्रमाणमान्य आहे. दुसरी अशी की, या सर्व सवलती देऊनही 196 हा आकडा दप्तरी दाखल करून खातरजमा करण्याजोगा आहे.

ती खातरजमा 75 ग्रॅम ग्लुकोज देऊन केली. तत्पूर्वी तीन दिवस बाईंना नेहमीसारखे, दररोज किमान दीडशे ग्रॅम पिष्ट पोटात जाईल असे जेवण्यास सांगितले होते, कारण भीतीने भात-पोळी सोडून दिलेल्या माणसाची ही परीक्षा उलटी फसते. पिष्टाची सवय मोडलेले शरीर निरोगी असूनही साखर पेलू शकत नाही. परीक्षेच्या दोन तासांत त्यांना चालू दिले नाही, बसवून ठेवले. रक्त फ्लोराइड घातलेल्या राखाडी बुचाच्या नळीत घेतले, कारण साध्या नळीत रक्तपेशी तासाला पाचसात टक्के साखर खाऊन टाकतात आणि नमुना लांबच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत वाईट आकडाही बरा दिसू लागतो. निकाल आला तो असा : उपाशीपोटी 94, एका तासाने 218, दोन तासांनी 178. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीएवनसी हा आकडा 5.6 टक्के, म्हणजे मर्यादेच्या आत.

या शेवटच्या आकड्याने पुष्कळांची फसगत होते. सरासरी ही सरासरी असते. दिवसाच्या चोवीस तासांपैकी चारसहा तास साखर चढलेली आणि उरलेला काळ उत्तम असेल, तर सरासरीत ते चढ विरून जातात. त्याचप्रमाणे हा आकडा रक्तपेशींच्या आयुष्यावर अवलंबून असल्यामुळे, लोहाच्या कमतरतेने आलेल्या पांडुरोगात, जो आपल्या स्त्रियांत विपुल आहे, तो खोटाच वर सरकतो, आणि रक्तपेशी लवकर नष्ट होणाऱ्या व्याधींत खोटाच खाली उतरतो. तात्पर्य, तीन आकड्यांपैकी दोन निर्दोष असूनही बाईंची ग्लुकोज पेलण्याची शक्ती घटलेली होती, आणि तिची पूर्वसूचना गर्भारपणातच मिळून चुकली होती.

उपाय सांगण्यापूर्वी या आकृतीची इतर कारणे वगळणे अवश्य असते. दमा किंवा सांधेदुखी यांसाठी सकाळी स्टेरॉइडची गोळी घेणाऱ्या माणसात दुपारची व संध्याकाळची साखर चढते आणि पहाटेपर्यंत उतरते. हुबेहूब हेच चित्र, पण कारण औषधाचे. उतारवयात वजन झपाट्याने घटत असताना साखर प्रथमच चढलेली दिसली, तर स्वादुपिंडाच्याच रोगाची शंका घ्यावी लागते. बाईंच्या बाबतीत यांपैकी काही नव्हते.

उपाय दोषाच्या स्थानावरून ठरतो, आणि दोषाचे स्थान स्नायू असल्यामुळे उपायाचा आरंभ तेथेच झाला. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत घेऊ शकतो, ही निसर्गाची मोठी सवलत आहे. म्हणून दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर लगेच पंधरा मिनिटे चालणे ठरविले. पहाटेचा फेरफटका आरोग्यास उत्तमच, परंतु त्या वेळी रक्तात उचलण्याजोगा जादा माल नसतो. आठवड्यातून तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठण्याबसण्याची व हलके वजन उचलण्याची मेहनत सांगितली, कारण साठवणूक वाढवायची तर स्नायूच वाढले पाहिजेत. ताटात तीन पोळ्यांच्या दोन झाल्या, भात निम्मा झाला, उसळ व दही वाढले, आणि कोशिंबीर व भाजी-उसळ प्रथम खाऊन पोळी-भात मागाहून घेण्याची तजवीज केली, त्यामुळे पिष्ट आतड्यांत सावकाश उतरू लागले. औषध दिले नाही.

सहा महिन्यांनी वजन 52 किलो, उपाशीपोटीची साखर 92 आणि 75 ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांची 138. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी : पहिला आकडा 94 चा 92 झाला. केवळ त्यावरून या सहा महिन्यांच्या श्रमांचा न्यायनिवाडा केला असता, तर श्रम व्यर्थ गेले असेच म्हणावे लागले असते. जो आकडा बिघडला होता, सुधारणाही त्याच आकड्यावर मोजावी लागते. शक्ती परत आली म्हणून ती कायमची झाली असेही नव्हे. ही परीक्षा त्यांनी दरवर्षी द्यावी, अशी ताकीद त्यांना दिलेली आहे.

एका दाखल्यावरून सिद्धान्त ठरत नाही, म्हणून मोठ्या प्रमाणावरील पुरावाही सांगतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली ग्लुकोज पेलण्याची शक्ती घटलेल्या 531 भारतीयांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत, काही विशेष उपाय न केलेल्या गटातील 55 टक्के लोक मधुमेही झाले. आहार-व्यायाम बदललेल्या गटात हे प्रमाण 39.3 टक्के आणि मेटफॉर्मिन औषध घेतलेल्या गटात 40.5 टक्के राहिले, आणि दोन्ही एकत्र केल्याने अधिक लाभ दिसला नाही. यातून दोन गोष्टी निघतात. ही अवस्था आपल्या लोकांत निरुपद्रवी नाही. उपाय न केल्यास निम्म्याहून अधिक माणसे तीन वर्षांत उंबरठा ओलांडतात. आणि उपायाने हे संकट सर्वांचे टळत नाही, काहींचे टळते अथवा लांबते. चीनमधील दाचिंग शहरात 1986 साली सुरू झालेल्या अशाच प्रयोगाचा पाठपुरावा तीस वर्षे झाला, आणि आहार-व्यायामाने मधुमेहाची सुरुवात सरासरी सुमारे चार वर्षे लांबली, असे आढळले.

हृदयविकाराविषयी मात्र प्रामाणिक विवेक राखला पाहिजे. युरोपातील अनेक लोकसमूहांचा एकत्र अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला आणि त्यात दोन तासांनंतरच्या साखरेवरून मृत्यूच्या धोक्याचा अंदाज उपाशीपोटीच्या साखरेपेक्षा अधिक चांगला बांधता येतो, असे दिसून आले. परंतु धोक्याची खूण आणि धोक्याचे कारण एकच असते असे नाही. ग्लुकोज पेलण्याची शक्ती घटलेल्या लोकांना जेवणापूर्वी इन्सुलिनचा लोट वाढविणारे नॅटेग्लिनाइड हे औषध देऊन पाहिले गेले, तेव्हा 2010 साली जाहीर झालेल्या निकालानुसार हृदयविकारही कमी झाला नाही आणि मधुमेहही थांबला नाही. म्हणून केवळ दोन तासांनंतरचा आकडा गोळीने खाली ओढला की काम भागले, असे मानता येत नाही. हा आकडा स्नायू, मेद आणि स्वादुपिंड यांच्या बिघडत चाललेल्या संबंधाची साक्ष आहे, आणि खटला त्या संबंधावर चालवायचा असतो, साक्षीदारावर नव्हे.

शेवटी, ज्यांना हे ऐकून आपली तपासणी करावीशी वाटेल त्यांना एवढेच सांगतो. ज्यांच्या आईवडिलांना मधुमेह आहे, ज्या स्त्रियांची साखर गर्भारपणात वाढली होती, ज्यांचे पोट सुटले आहे पण वजन बेताचे आहे, त्यांनी केवळ उपाशीपोटीच्या आकड्यावर इतबार ठेवू नये. जेवणानंतरची तपासणी करायची तर रोजचे पूर्ण जेवण जेवावे, दोन तास पहिल्या घासापासून मोजावेत, मध्ये फराळ वा फेरफटका करू नये. आणि आकडा 140 च्या पुढे आला, तर निर्णय स्वतः न करता डॉक्टरांकडून 75 ग्रॅम ग्लुकोजची परीक्षा करून घ्यावी. बिघाड या टप्प्यावर सापडला तर तो मागे वळविण्याची संधी बहुधा शिल्लक असते. आणि सकाळचा आकडा बिघडेपर्यंत थांबणाऱ्याची ती संधी पुष्कळदा निघून गेलेली असते.